ओढायचं नाही

"टानबेन ना, दिदि. ठेलुन."

ओढू नका, ढकला. गेल्या पावसाळ्यात हे वाक्य मी रोज सकाळी साडेसहाला ऐकत होते. रवींद्र सरोवराच्या काठावर एका रोइंग क्लबची जुनी, लांबट खोली आहे. खिडक्यांना जाळ्या, भिंतीला टांगलेली वल्ही आणि मधोमध चार रोइंग मशीन. शिकवणारे दादा साठीचे, तरुणपणी याच तलावात नाव हाकलेले. माझ्या बाजूला मोडक्या खुर्चीवर बसून, चहाचा भांड टेकवायला जागा शोधत ते एकच गोष्ट सांगायचे आणि मी एकच चूक करायचे. मला बंगाली येतं. तेवीस वर्षं या शहरात आहे, याच भाषेतून मराठीत भाषांतर करून पोट भरते. वाक्य समजलं नाही असं म्हणायची सोय नव्हती. तरी शरीराला ते समजत नव्हतं.

मी तिथे हौसेने गेले नव्हते. दोन वर्षांपूर्वी कंबरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली चकती सरकली. भाषांतर हे बसण्याचं काम आहे, आणि मी ते वीस वर्षं जेवणाच्या टेबलाशी, पाठीचा कमान करून केलं. दुखणं डाव्या मांडीतून पोटरीपर्यंत उतरलं तेव्हा चार महिने मी एक कादंबरी पोटावर पालथी पडून पूर्ण केली. बरी झाल्यावर आमच्या सोसायटीच्या व्यायामशाळेत रोइंग मशीन दिसलं. बसून करायचा व्यायाम, गुडघ्यांना धक्का नाही, आपल्याला बरं, असं वाटून मी ते मनानेच सुरू केलं. तीन आठवड्यांत मांडीतली कळ परत आली. फिजिओथेरपिस्ट बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मशीन वाईट नाही. पण पाठ वाकवून ओढणार असाल तर सोडून द्या. आणि नीट शिकणार असाल तर शिकवणाऱ्याकडे जा. तिसऱ्यांदा आलात तर मी सर्जनचं नाव लिहून देईन." म्हणून मी सरोवरावर गेले.

कलकत्त्यात याला नुसतं 'लेक' म्हणतात. नाव १९५८ पासून रवींद्र सरोवर झालं तरी बस कंडक्टर 'लेक'च ओरडतो. १९२०च्या दशकात शहराच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दलदलीची जमीन खोदून हा तलाव केला, आणि काठाने रोइंगचे क्लब उभे राहिले. त्यांतला सर्वांत जुना, कलकत्ता रोइंग क्लब, १८५८ सालचा, म्हणजे तलावापेक्षाही कितीतरी जुना. पहाटे काठावरून चालताना लांब, चिंचोळ्या नावा सुळकन जाताना दिसतात. दिसतात ते खांदे, पाठ आणि हात. पाय नावेच्या आत असतात. हे वाक्य मी आत्ता सहज लिहिलं, पण माझ्या चुकीचं अर्धं मूळ त्यातच होतं, हे कळायला मला दोन महिने लागले.

आधी मशीन कसं चालतं ते सांगते. एका लांब रुळावर सरकती बैठक असते. समोर पाय टेकवायच्या दोन फळ्या. त्यांच्या पलीकडे जाळीच्या गोल डब्यात पंखा लावलेलं जड चाक, आणि त्या चाकाला गुंडाळलेल्या साखळीच्या टोकाला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ. मूठ आपल्याकडे आली की चाक फिरतं, पंखा हवा कापतो, आणि ती हवाच आपल्याला विरोध करते. मूठ परत जाऊ दिली की साखळी आपोआप आत जाते, पण चाक फिरतच राहतं. म्हणून पुढच्या फटक्याला आपल्याला फिरत्या चाकाचा वेग आधी गाठावा लागतो, तेव्हाच जोर त्याला लागतो. धावत्या ट्राममध्ये चढण्यासारखं आहे ते. तिच्या वेगाने दोन पावलं धावल्याशिवाय दांडा धरण्यात अर्थ नसतो.

फटक्याचा क्रम तीन शब्दांचा. पाय, धड, हात. सुरुवातीला आपण पुढे, गुडघे दुमडलेले, नडग्या जवळजवळ उभ्या, धड थोडं पुढे झुकलेलं, हात सरळ. इथून पाय फळ्या ढकलतात. पाय बरेच सरळ होत आले की धड पुढच्या झुकावातून मागच्या किंचित झुकावात उघडतं. ते उघडत असताना, मूठ गुडघ्यांवरून मागे गेल्यावर, हात वाकतात आणि मूठ फासळ्यांच्या खालच्या कडेला येते. परतताना नेमकं उलटं. आधी हात सरळ, मग धड पुढे, मग गुडघे. मिनिटाला वीस फटके मारत असलो तर एका फटक्याला तीन सेकंद मिळतात. त्यांतला जेमतेम एक सेकंद जोराचा, उरलेले दोन परतीचे. म्हणजे पायांकडून धडाकडे आणि धडाकडून हातांकडे जोर सोपवायचा तो सगळा व्यवहार एका सेकंदात उरकायचा. हे तीन तुकडे सुटेसुटेही नसतात. एक संपायच्या आधी दुसऱ्याने उचललेलं असतं, कीर्तनात बुवांचा सूर विरायच्या आत टाळकरी उचलतात तसं.

क्रम पाठ करायला एक सकाळ पुरली. वेळ साधायला पावसाळा गेला.

पहिल्या आठवड्यात दादांनी माझ्या फोनवरून बाजूने चित्रण केलं आणि मला दाखवलं. मी आधी माझा चेहरा पाहिला, मग पोट, जसं सगळे पाहतात. ते म्हणाले, तुम्ही काही पाहू नका, फक्त दोनच गोष्टी पाहा. बैठक आणि मूठ. फटका सुरू होतो त्या क्षणापासून बैठक वीतभर मागे गेली तर मूठही वीतभरच मागे आली पाहिजे. दोघी एका गाडीतून निघाल्यासारख्या. मग त्यांनी चित्रण हळू केलं. माझी बैठक वीतभर मागे गेली, आणि मूठ होती तिथेच. मी पाय ढकलले होते, अगदी जोरात ढकलले होते, पण तो जोर मुठीपर्यंत पोचलाच नव्हता. माझं बूड नुसतं मागे घसरलं, धड पुढे अजून खाली वाकलं, पाठ कमानीसारखी झाली, आणि मग पाय संपल्यावर, सरळ झालेल्या पायांवरून, मी एकट्या पाठीच्या बळाने मूठ उपसून काढली. एका मिनिटात वीस वेळा. वीस मिनिटांत चारशे वेळा. माझ्या चकतीने तक्रार केली नसती तरच नवल.

याच चुकीचं उलटं रूपही असतं, आणि शेजारच्या मशीनवरचा कॉलेजातला मुलगा ते करत होता. त्याची मूठ निघायची, बैठक जागेवर. म्हणजे त्याचं धड पायांच्या आधीच उघडायचं. गुडघे अजून पूर्ण दुमडलेले, आणि खांदे मागे. त्याच्या पायांना ढकलायला नंतर जागा होती, पण धड आधीच खर्ची पडलेलं. तो तरुण होता, पाठ मजबूत होती, त्यामुळे दुखत नव्हतं. पण फटका अर्धा होताच मागचं काहीच उरायचं नाही. बैठक आधी निघाली की माझी चूक, मूठ आधी निघाली की त्याची. एवढं पाहायला प्रशिक्षक लागत नाही, बाजूला ठेवलेला फोन पुरतो.

माझी चूक कळली, म्हणून ती सुधारली नाही. दादा 'ठेलुन' म्हणायचे आणि मी अजून जोरात ढकलायचे. बैठक अजून वेगाने घसरायची.

त्या रात्री मला आजोबांची मोट आठवली. माझं माहेर निफाड तालुक्यातलं. मी मोट चालताना पाहिलेली नाही, माझ्या जन्मापर्यंत विहिरीवर इंजिन आलं होतं. पण आजोबा सांगायचे. बैल धावेवरून उताराला चालतात, नाडा ताणला जातो, चाकावरून मोट वर येते. पाणी वर आणतात ते बैल, नाडा नाही. नाड्याचं काम एकच, ढिलं न पडणं. नाडा सैल असेल तर बैल चार पावलं फुकट चालतात, मोट विहिरीत तशीच, आणि मग एकदम हिसका बसतो. त्या हिसक्यात नाडा तुटतो, नाहीतर बैलाचा खांदा जातो. "बैलाला मारून काय उपयोग," आजोबा म्हणायचे, "आधी नाडा बघ." माझे बैल जोरात होते. नाडा सैल होता. पाय आणि मूठ यांच्यामधला नाडा म्हणजे माझं धड आणि माझे हात. ते आधी ताणलेले नसतील तर पाय कितीही ढकलोत.

दुसऱ्या दिवशी मी दादांना हे सांगितलं. मोट त्यांना माहीत नव्हती, बंगालमध्ये पाणी हाताशी असतं. पण 'नाडा' त्यांना लगेच पटला. "दोड़ि," ते म्हणाले. "हात दुटो दोड़ि." हात म्हणजे दोऱ्या. त्यांनी माझी बोटं मुठीवर नुसत्या आकड्यासारखी अडकवायला लावली, अंगठा सैल. कोपर वाकलं की त्यांची काठी कोपराला लागायची. कोपर का वाकवू नये, हे मला तेव्हा समजलं. फटक्याच्या सुरुवातीला पायांचा जोर हातांपेक्षा कितीतरी मोठा असतो. वाकलेलं कोपर त्या जोराने हळूहळू उघडतं, आणि ते उघडत असताना पायांची ढकल तिथेच विरते. किंवा दंडाचे छोटे स्नायू हट्टाने कोपर धरून ठेवतात आणि पाच मिनिटांत थकतात. पाठ थकण्याआधी हातांची आग होत असेल, तर समजावं की हातांनी नको तेव्हा काम हातात घेतलं आहे.

हात सुटले. धड अजून सैल होतं. इथे अडचण माझ्या व्यवसायाची निघाली.

दादा सांगायचे, पाय झाल्यावर 'कोमर'. परततानाही, हातांनंतर 'कोमर'. मी मनात त्याचं भाषांतर 'कंबर' करत होते. शब्द तोच आहे, आणि भाषांतरकाराला अशा शब्दाचा सगळ्यात जास्त धोका असतो, कारण तिथे थांबावंसं वाटत नाही. मराठीत कंबर म्हणजे काय? साडी खोचतो ती जागा. कंबर दुखते म्हणजे पाठीचा खालचा भाग दुखतो. कंबरेत वाक म्हटल्यावर मी तिथेच वाकत होते, मणक्यांमध्ये, अगदी चौथ्या-पाचव्या मणक्याशी. पण धड झुकवायचं ते तिथून नाही. ते झुकतं खुब्याच्या सांध्यातून. मांडीचं हाड जिथे ओटीपोटाच्या हाडात बसतं, तिथून. पाठ जशी आहे तशी लांब राहते आणि अख्खं धड बिजागरीवरच्या दारासारखं पुढे येतं.

एक दिवस दादांनी बंगालीतला दुसरा शब्द काढला, थोडा संकोचून. "कुँचकि." आणि स्वतःच्या जांघेच्या घडीवर दोन्ही हातांच्या कडा ठेवून, पाठ सरळ ठेवून, ते खुर्चीत पुढे झुकले. मराठीत 'जांघ' म्हणजे नेमकी तीच घडी. हिंदीत तोच शब्द मांडीचा होतो, म्हणून आमच्या घरात कामवाल्या मावशींशी बोलताना मी तो वापरायचं टाळते. मी माझ्या हाताच्या कडा जांघेत ठेवल्या आणि झुकले. कडा चिमटल्या गेल्या, पाठ वाकली नाही. दोन वर्षं ज्या शब्दाने मला दुखवलं होतं तो मी त्या दिवशी टाकला. आता मी मनात 'पाय, खुबा, हात' म्हणते. कंबर मधे येतच नाही. तिचं काम हलण्याचं नाही, नाड्यासारखं ताठ राहण्याचं आहे.

तरीही वीस मिनिटांतली शेवटची पाच बिघडायची. मी थकले की बैठक पुन्हा घसरायची. मी ताकद कमी पडते असं समजत होते. दादांनी पुन्हा चित्रण केलं, पण या वेळी जोराचा भाग पाहिलाच नाही. परतीचा पाहिला. हात सरळ होण्याआधीच माझे गुडघे वर येत होते. मग मूठ गुडघ्यांवरून उचलून न्यावी लागायची. मग धड पुढे झुकायचं राहूनच जायचं. आणि अगदी शेवटी, बैठक पुढे येऊन थांबल्यावर, लांबी कमी पडली म्हणून मी पाठ वाकवून आणखी चार बोटं पुढे हात पसरायचे. म्हणजे फटका सुरू होण्याच्या ऐन क्षणी नाडा सैल. जी चूक पुढच्या सेकंदात दिसत होती ती मागच्या दोन सेकंदांत झालेली असायची. कारण आधी असतं आणि दिसतं नंतर. हस्तलिखितात तेराव्या पानावर अडखळणारं वाक्य बऱ्याचदा तिसऱ्या पानावर चुकलेलं असतं. मी तेरावं पान घासत बसते.

त्यावर उपाय साधा निघाला. हात सरळ, मग खुब्यातून झुक, आणि हे दोन्ही झाल्याशिवाय गुडघा हलवायचा नाही. झुकाव परतीच्या पहिल्या अर्ध्यातच मिळवून ठेवायचा आणि मग तो तसाच घेऊन पुढे सरकायचं. शेवटी काहीही वाढवायचं नाही. आम्ही दहा दहा फटके तुकड्यांनी केले. आधी नुसते हात, पाय सरळ ठेवून. मग हात आणि धड. मग अर्धी सरक, मग पूर्ण. कधी पायांचे पट्टे सोडून. पट्टे न बांधता फटका मारला आणि धड उशिरा, हात संपल्यावरही मागे जात राहिलं, तर पाय फळीवरून सुटतात आणि माणूस उताणा पडू लागतो. तुमचा तळवा शेवटपर्यंत फळीवर दाब ठेवून आहे की नाही, हे पट्टे बांधलेले असताना कळत नाही. पट्टे चूक झाकतात.

दादांनी आणखी एक केलं. मशीनच्या बाजूला हवेचा झरोका उघडझाप करणारी कळ असते, एक ते दहा. मी ती पहिल्या दिवसापासून दहावर ठेवली होती, जास्त आकडा म्हणजे जास्त व्यायाम अशा समजुतीने. झरोका पूर्ण उघडला की हवा जास्त येते, परतीच्या काळात चाक लवकर मंदावतं, आणि प्रत्येक फटक्याच्या तोंडाशी मंदावलेलं जड चाक पुन्हा उचलावं लागतं. म्हणजे पाठ सर्वांत नाजूक अवस्थेत असते तेव्हाच सर्वांत जास्त भार. त्यांनी कळ चारवर आणली. जोर किती लागणार ते तरीही माझ्याच ढकलण्यावर ठरतं.

एका दिवसाचे आकडे मी वहीत लिहून ठेवले आहेत. मशीनच्या छोट्या पडद्यावर पाचशे मीटर अंतराला किती वेळ लागेल ते दिसतं. ऑगस्टमधल्या त्या सकाळी मी नेहमीसारखी मिनिटाला वीस फटक्यांनी दहा मिनिटं केली. वेळ २:४२. मग विश्रांती, मग तुकड्यांचा सराव, मग पुन्हा दहा मिनिटं, तेच वीस फटके, पण या वेळी लक्ष फक्त दोन गोष्टींवर: झुकाव आधी घ्यायचा, आणि बैठक व मूठ एकत्र सोडायच्या. वेळ २:३६. सहा सेकंद म्हणजे काही नाही असं वाटतं. पण वेग थोडा वाढवायला शक्ती पुष्कळ लागते, वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पडद्यावर वॉट पाहिले तर पहिल्या वेळी ८२ होते, दुसऱ्या वेळी ९२. फटके तेवढेच, म्हणजे दर फटक्यामागे सुमारे २४६ ज्यूलच्या जागी २७६. हे जास्तीचे तीस ज्यूल मी नव्याने कुठून आणले नव्हते. ते माझ्या पायांतून आधीही निघत होते, वाटेत गळत होते. आणि दुसऱ्यांदा माझी धाप कमी होती.

त्याच पडद्यावर आणखी एक चित्र मिळतं, प्रत्येक फटक्यात जोर कसा चढला आणि उतरला त्याची रेघ. माझी जुनी रेघ दोन उंचवट्यांची होती. आधी एक छोटा, हातांनी मूठ हिसकल्याचा. मग खळगा, बूड घसरत असतानाचा. मग दुसरा मोठा, पाठीने उपसल्याचा. चांगली रेघ एकाच टेकडीसारखी असते. लवकर चढते, मध्याच्या आसपास माथा गाठते, आणि सावकाश उतरते. मी आजही ते चित्र लावून बसते. खळगा दिसला की थांबते, थकवा म्हणून पुढे रेटत नाही.

एक प्रश्न मात्र मला सतावत होता. दोन्ही भाषांतली माणसं शेकडो वर्षं नद्यांवर जगली. मग भाषेने एवढी चूक कशी केली? बंगालीत वल्हवणं म्हणजे 'दाँड़ टाना', वल्हं ओढणं. मराठीत आपण वल्ही मारतो. ओढणं काय, मारणं काय, दोन्ही हातांचीच कामं. पायांचा कुठे पत्ता नाही.

उत्तर मला बाबूघाटावर मिळालं. होड्यांतले माझी पाटावर बसून किंवा उभे राहून वल्ही चालवतात. पाट सरकत नाही. पायांना टेकू मिळतो, पण मांड्यांना पूर्ण उघडायला वाव नसतो. तिथे काम खरोखरच पाठीचं आणि हातांचं आहे. सरकती बैठक शर्यतीच्या नावांत रुळली ती १८७०च्या दशकात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजच्या शर्यतीत ती पहिल्यांदा आली १८७३ साली. मांडीचे स्नायू, शरीरातले सर्वांत मोठे, तेव्हा कुठे या कामाला जुंपले गेले. म्हणजे भाषा चुकली नव्हती. ती बैठकीपेक्षा जुनी होती. बैल नवे आले आणि आम्ही अजून नाड्याला हाका मारत होतो. त्यातून काठावरच्या माणसाला पाय दिसत नाहीत, म्हणून नवा शब्द घडायलाही कोणी पुढे आलं नाही.

याच संदर्भात मला आमच्या जिल्ह्यातला दत्तू भोकनळ आठवतो. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा. वडिलांबरोबर विहिरी खोदायची कामं केलेला हा मुलगा सैन्यात गेला, पुण्याजवळ खडकीला बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये, आणि तिथे वल्ही हातात आली. २०१६च्या रिओ ऑलिंपिकला रोइंगमध्ये भारताचा तो एकटाच होता, एकेरीत तेरावा आला. २०१८च्या जाकार्ता-पालेमबांग आशियाई स्पर्धेत एकेरीच्या अंतिम फेरीत तो आजारी होता, सगळ्यांच्या मागे राहिला. दुसऱ्याच दिवशी स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक घेतलं. आमच्या निफाडच्या घरी तेव्हा फोनवर काका म्हणाले, "विहीर खणणारे हात, ताकद असणारच." मलाही तेव्हा तसंच वाटलं. आता मला वाटतं, कुदळ मारणारा माणूसही पायांवरच उभा असतो. आपण बोलताना हातांचं नाव घेतो.

हे सगळं एकमेव खरं आहे असं दादाही म्हणत नाहीत. पाय आधी, धड नंतर, असा स्पष्ट क्रम शिकवणारी परंपरा आहे, तशी पूर्व जर्मनीच्या संघांनी नावारूपाला आणलेली, पाय आणि धड जवळजवळ एकत्र उघडणारी परंपराही आहे, आणि तिनेही पदकं जिंकली. पण दादा म्हणतात, आधी वेगळं करता आलं पाहिजे, मग एकत्र करायचं की नाही ते ठरवा. आणि मशीन म्हणजे नाव नाही. मशीन रुळावर स्थिर असतं, म्हणून ते माझी सैल सुरुवात सोसून घेतं, फक्त वॉट कमी दाखवतं. पाण्यावर वल्ह्याचं पातं नीट बुडायच्या आधी पायांनी फळी ढकलली, तर ती ढकल नावेलाच मागे रेटते. चूक तिथे नावेच्या पोटाखाली ऐकू येते.

मी अजून नावेत बसलेले नाही. डिसेंबरमध्ये तपासणी झाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला जमिनीवरची पुस्तकांची पिशवी उचलायला सांगितली. मी हाताच्या कडा मनातल्या मनात जांघेत ठेवल्या, खुब्यातून झुकले, पाय ढकलले, पिशवी वर आली. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. सर्जनचं नाव नव्हतं.

घरी आल्यावर मी टेबलाची खुर्ची बदलली, आणि चालू कादंबरीतलं एक वाक्य पुन्हा काढलं. त्यात एक माझी संध्याकाळी दाँड़ टानत घाटाकडे परततो. मी आधी 'वल्ही मारत' लिहिलं होतं. खोडायला घेतलं, मग थांबले. त्याची होडी जुनी आहे, पाट स्थिर आहे. तो हातांनीच वल्हवतो. मी ते तसंच राहू दिलं.